मनी दात का वाजवते?



मुख्याध्यापकांच्या पानावर आम्ही एरवी निकाल, शिस्त आणि उपस्थिती यांबद्दल लिहितो. या अंकात एका मांजरीबद्दल लिहीत आहोत. कारण साधे आहे. त्या मांजरीच्या बाबतीत आमच्या हातून चूक होता होता राहिली, आणि ती सातवीच्या एका मुलीने थांबवली.

शाळेच्या जुन्या कागदपत्रांच्या खोलीत उंदीर फार झाले होते. हजेरीपत्रकांचे कोपरे कुरतडलेले सापडू लागले. गेल्या दिवाळीच्या सुट्टीनंतर कुठूनशी एक पांढरी, अंगावर तपकिरी ठिपके असलेली मांजर आली आणि महिन्याभरात उंदीर दिसेनासे झाले. मुलांनी तिचे नाव मनी ठेवले. शिपाईमामा तिला दूध देऊ लागले. दुपारी ती आमच्या खोलीत येई आणि खिडकीच्या कट्ट्यावर बसे. रस्त्यावरच्या वाहनांच्या आवाजामुळे ती काचेची खिडकी आम्ही बंदच ठेवतो. समोरच्या इमारतीच्या छज्जावर रोज कोणीतरी पुण्य म्हणून जुवार टाकते. आपल्या सुरतेत हे काही नवे नाही. त्यामुळे तिथे दिवसभर पारव्यांची गर्दी असते.

एके दुपारी शिपाईमामा चहा घेऊन आले आणि दारातच थांबले. म्हणाले, "सर, मांजरले काय व्हयनं? दात वाजाडस ती!"

आम्ही वळून पाहिले. मनी काचेला नाक लावून बसली होती. तिचा खालचा जबडा थरथरत होता आणि दातांचा "क्-क्-क्-क्" असा बारीक आवाज येत होता. मिशा पुढे आलेल्या, डोळे ताठ, शेपटीचे टोक तेवढे हलत होते. थंडी वाजून दातखिळी बसावी तसे ते दिसत होते. पण सुरतेत नोव्हेंबरच्या दुपारी कसली थंडी?

त्याच वेळी फी भरायला आलेल्या दोन माता दारात उभ्या होत्या. त्यांनी ते पाहिले. सुट्टी होईपर्यंत "शाळेतली मांजर पिसाळली" ही बातमी फाटकाबाहेर पोहोचली. संध्याकाळी चार पालक भेटायला आले. त्यांच्यातल्या एकाच्या तिसरीतल्या मुलाला आठवड्यापूर्वी मनीने ओरखडले होते, हे तेव्हा आम्हाला प्रथमच कळले. त्या वडिलांच्या चेहऱ्यावरची भीती आम्हाला आजही आठवते. आम्ही शिपाईमामांना सांगितले, "उद्या सकाळी तिला पोत्यात घाला आणि तापीपलीकडे सोडून या."

खरे सांगायचे तर आम्ही क्षणभरही विचार केला नाही. आमचे सारे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले, पदवी साहित्याची. मांजरीबद्दल आम्हाला दोन म्हणींपलीकडे काही ठाऊक नव्हते.

दुसऱ्या दिवशी सकाळी शिपाईमामा पोते घेऊन उभे असताना सातवीची एक विद्यार्थिनी परवानगी न घेताच आत आली. म्हणाली, "सर, आमच्या घरची पण असंच करते. ट्यूबलाइटपाशी पाल दिसली की करते. पाल गेली की बंद होते. तुम्ही पडदा ओढून बघा ना."

मनी खिडकीतच होती, पारवे समोर होते आणि जबडा थरथरत होता. आम्ही पडदा ओढला. मनीचा जबडा थांबला. तिने आमच्याकडे पाहिले, एक लांब जांभई दिली, पंजा चाटला आणि दुधाच्या वाटीकडे गेली. पडदा उघडला, तेव्हा दोन मिनिटांत ती पुन्हा कट्ट्यावर आली आणि पुन्हा तेच "क्-क्-क्". आजार काही पडदा ओढल्याने थांबत नाही. शिपाईमामांनी पोते घडी करून ठेवले.

पण ओरखडा हा वेगळा प्रश्न होता आणि तो पडद्याने सुटणारा नव्हता. त्या मुलाला आम्ही त्याच दिवशी वडिलांबरोबर सरकारी दवाखान्यात पाठवले आणि लस सुरू झाली. मनीला पशुवैद्यांनी तपासले. दात, हिरड्या, जीभ पाहिली आणि दहा दिवस तिच्यावर लक्ष ठेवायला सांगितले. लक्ष ठेवायचेच होते, म्हणून विज्ञानाच्या बाईंनी सातवीच्या मुलांना एक वही दिली. मधल्या सुट्टीत दोघे-दोघे येऊन दारातून पाहत आणि लिहीत.

त्या वहीतल्या पाच गोष्टी आम्हाला महत्त्वाच्या वाटल्या. पारवा छज्जावर चालत असला, दाणे टिपत असला की मनी दात वाजवी. आकाशात उंच घार फिरत असली तर ती नुसती मान वर करून पाही. दोनदा भिंतीवर उंच बसलेल्या पालीकडे पाहूनही तिने तसाच आवाज केला, म्हणजे हे केवळ पक्ष्यांसाठी नव्हते आणि केवळ काचेमुळेही नव्हते. कधी कधी दातांच्या आवाजात घशातून निघालेली बारीक "चिर्र" मिसळलेली असे. आणि पाचवी नोंद शिपाईमामांनी सांगून लिहवली होती : कागदपत्रांच्या खोलीत तिने उंदीर धरला तेव्हा ती जमिनीला चिकटून गेली, थांबली, झेपावली, आणि या सगळ्यात तोंडातून एकही आवाज आला नाही.

ही पाचवी नोंद डोक्यात ठेवूनच पुढचे वाचावे. त्यानंतर आम्ही या विषयावर बरेच वाचले. मांजर असे का करते याची तीन उत्तरे दिली जातात.

पहिले उत्तर आमच्या हिंदीतल्या म्हणीत आहे : "खिसियानी बिल्ली खंभा नोचे." शिकार समोर आहे, पण मिळत नाही. त्यामुळे मनात जी चडफड होते ती जबड्यातून बाहेर पडते. हे पटते, कारण दात वाजतात ते शिकार आवाक्याबाहेर असतानाच. काच मध्ये असते, नाहीतर पाल छताजवळ असते. पण हे उत्तर अर्धेच आहे. चडफड झाली तर शेपटी आपटावी, ओरडावे, काच ओरबाडावी. नेमका जबडाच का थरथरतो?

दुसरे उत्तर इथून सुरू होते. जर्मन प्राणिशास्त्रज्ञ पॉल लायहाउझेन यांनी मांजराच्या शिकारीचा अनेक वर्षे बारकाईने अभ्यास केला. मांजर उंदीर किंवा पक्षी मारते ते कुठेही चावून नाही, तर मानेच्या मागच्या बाजूला चावा घेऊन. डोके आणि धड यांच्यामधला बारीक भाग ती हेरते. तिचे लांब सुळे मानेच्या दोन मणक्यांच्या मधल्या फटीत शिरतात आणि मज्जारज्जू तुटतो. शिकार तत्काळ निपचित पडते. मांजरीला ही घाई असतेच, कारण जिवंत उंदीर उलटून तिच्या तोंडाला चावू शकतो.

आता ही फट दिसत नाही. वर केस किंवा पिसे असतात. ती सापडते स्पर्शाने. सुळ्यांच्या मुळाशी स्पर्श ओळखणाऱ्या नसा असतात. सुळा हाडावर टेकला की फटीत, हे त्यांना कळते. जबडा भराभर थोडा उघडून थोडा मिटला की सुळा हाडावरून घसरून फटीत जातो. अंधारात कुलपात किल्ली घालताना आपण ती जरा इकडे, जरा तिकडे करतो, तसेच हे समजावे.

इंग्लंडचे प्राणिशास्त्रज्ञ डेस्मंड मॉरिस यांनी १९८६ सालच्या 'कॅटवॉचिंग' या पुस्तकात लिहिले की खिडकीतली मांजर दात वाजवते तेव्हा ती हाच मारक चावा घेत असते. शिकार तोंडात नाही, पण डोळ्यांसमोर आहे आणि शरीर पुढची पायरी आधीच करू लागले आहे. प्राण्यांमध्ये असे घडते, हे त्याआधी कोनराड लोरेंझ यांनी दाखवले होते. पुढे १९७३ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. त्यांनी हाताने वाढवलेला एक मैनेच्या जातीचा पक्षी होता. त्याला माशा पकडायला कधी मिळाल्या नव्हत्या. तरी तो खोलीत माशी नसतानाही वर टक लावून पाही, उडे, हवेत चोच मिटे, परत येऊन ती आपटे आणि गिळल्यासारखे करी. काम अंगात भरलेले असते. बाहेरून इशारा पुरेसा मिळाला नाही तरी ते उमटते.

या उत्तराने जबड्याचा प्रश्न सुटतो. शिपाईमामांची नोंदही जुळते : उंदीर खरोखर हातात येणार असतो तेव्हा चावा उंदरावरच पडतो, हवेत वाया जात नाही. पण घशातली ती "चिर्र" यात बसत नाही. चावायला आवाज कशाला हवा?

म्हणून तिसरे उत्तर : मांजर पक्ष्याची नक्कल करते. हे आम्हाला आधी थापच वाटली. पण याला एक आधार आहे, आणि तो ब्राझीलच्या जंगलातला आहे.

२००५ साली मनाऊस शहराजवळच्या राखीव जंगलात संशोधक टॅमरिन नावाच्या छोट्या माकडांचे निरीक्षण करत होते. आठ माकडांची टोळी एका उंबराच्या जातीच्या झाडावर फळे खात होती. वेलींच्या जाळीतून त्यांच्याच पिल्लासारखा आवाज येऊ लागला. पहारा देणारे माकड चौकशीला खाली-वर करू लागले. त्याच्या मागून आणखी चार माकडे खाली उतरली. तेवढ्यात त्या जाळीतून मार्गे नावाचे रानमांजर बाहेर पडले. हे आपल्या घरच्या मांजरीएवढेच, अंगावर ठिपके आणि लांब शेपटी असलेले जनावर आहे. पहारेकऱ्याने किंकाळी फोडली आणि सारी टोळी पळाली. शिकार हुकली. नक्कल फार हुबेहूब नव्हतीच. पण माकडांनी पळून जाण्याऐवजी जवळ यावे, एवढी ती पुरेशी होती. २००९ साली हे निरीक्षण शास्त्रीय नियतकालिकात छापून आले.

यावरून अनेकांनी लगेच लिहिले की आपली मनीही पारव्याला फसवते आहे. इथे आम्ही मुलांना थांबवले. एक म्हणजे ते निरीक्षण एकाच प्रसंगाचे आहे, आणि ते दुसऱ्या जातीच्या मांजराचे आहे. दुसरे म्हणजे मार्गे झाडीत लपून आवाज करत होते. आपली मांजर उघड्यावर, काचेला नाक लावून आवाज करते. तिसरे, दबा धरणाऱ्या शिकाऱ्याला आवाज हा शत्रू आहे. पुन्हा शिपाईमामांची नोंद आठवा. आवाजाने शिकार जवळ येत असती तर मनीने तो उंदराजवळ केला असता. आणि पारवा "गुटर्र घूं" करतो. मनीच्या "क्-क्-क्"चे त्याच्याशी काय नाते?

स्वीडनमधल्या लुंड विद्यापीठाच्या ध्वनितज्ज्ञ सुझान शॉट्झ यांनी २०१३ साली तीन मांजरींच्या अशा आवाजांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात एक भेद स्पष्ट होतो. दात वाजण्याचा आवाज घशाचा नसतोच. स्वरतंतू गप्प असतात आणि जबड्याच्या थरथरीने तो होतो. "चिर्र" मात्र घशातून येते. हे दोन वेगळे आवाज आहेत आणि बऱ्याचदा एकत्र येतात. म्हणजे कदाचित एकच कारण शोधण्यातच आपली चूक होते आहे. जबड्याला मारक चाव्याचे उत्तर चांगले लागू पडते. चिर्र हा उत्तेजित झालेल्या प्राण्याचा आवाज असावा. तिच्यात पाखराची थोडी नक्कल आहे का, हे घरच्या मांजरींच्या बाबतीत अजून कोणी सिद्ध केलेले नाही. नक्कल सिद्ध करायची तर आवाजाने पक्षी जवळ येतो असे दाखवावे लागेल, आणि वेगळ्या भक्ष्यासमोर आवाज बदलतो असेही दाखवावे लागेल. सातवीच्या वहीत पारवा आणि पाल दोघांसमोर एकच "क्-क्-क्" आहे. एका मांजरीवरून सिद्धांत होत नाही, पण प्रश्न कसा विचारायचा ते मुलांना कळले.

आता पालकांसाठी महत्त्वाचा भाग. आपल्याकडे घरोघरी मांजर येते-जाते. दात वाजवणारी मांजर निरोगी की आजारी, हे कसे ओळखावे?

आधी तिची नजर कुठे आहे ते पाहावे. समोर पाखरू, पाल किंवा उडणारा किडा असेल, कान आणि मिशा पुढे असतील, तर ते शिकारीचे आहे. पडदा ओढा किंवा शिकार उडू द्या. जबडा थांबला आणि मांजर नेहमीसारखी खाऊ-पिऊ लागली तर चिंता नको.

समोर काहीच नसताना, किंवा खाताना जबडा थरथरत असेल, ती एकाच बाजूने चावत असेल, घास तोंडातून पडत असेल, तर बहुधा दात दुखतो आहे. मांजरींचे दात मुळापासून झिजण्याचा एक आजार असतो आणि तो फार वेदना देतो. तो वरून सहज दिसत नाही. पशुवैद्यांना दाखवावे लागते. तोंडाची एक बाजू झटके देत असेल, लाळ गळत असेल आणि हाक मारल्यावर ती भानावर येत नसेल, तर ती फिट असू शकते.

पिसाळलेली मांजर याहून वेगळी दिसते. तिचा स्वभाव एकाएकी बदलतो. ती विनाकारण अंगावर येते किंवा अंधारात दडून बसते. आवाज बदलतो, गिळता येत नाही, लाळ गळते, पाय लुळे पडू लागतात. अशी मांजर थोड्याच दिवसांत मरते. म्हणूनच चावणारे मांजर दहा दिवस डोळ्यांसमोर ठेवायला सांगतात. आम्ही तिला तापीपलीकडे सोडले असते तर ती पिसाळलेली होती की नाही, हे कधीच कळले नसते. त्या मुलाच्या वडिलांची रात्रीची झोप आम्हीच कायमची घालवली असती.

मात्र दहा दिवस मांजरीसाठी आहेत, माणसासाठी नाहीत. मांजर चावली किंवा ओरखडली तर जखम लगेच साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवावी. हळद, तिखट, चुना काही लावू नये. त्याच दिवशी दवाखान्यात जाऊन लस सुरू करावी. मांजर धडधाकट दिसते म्हणून थांबू नये. आणि मुलांनो, ओरखडा घरी लपवू नका. तुम्हाला कोणी रागावणार नाही. रागावले तर आमच्याकडे या.

त्या मुलाचे लसीचे डोस पूर्ण झाले आहेत. दहा दिवस उलटले आणि मनी ठणठणीत राहिली. अकराव्या दिवशी मुलांनी वही आमच्या टेबलावर आणून ठेवली. शेवटच्या पानावर त्या विद्यार्थिनीने लिहिले होते, "सरांनी आज चार वेळा पडदा ओढून पाहिला." ते खरे होते.

अजूनही दुपारी मनी कट्ट्यावर असते. ती दात वाजवू लागली की मुले काचेवर टकटक करून तिला डिवचतात, ते बंद करावे. ती बराच वेळ नुसती पाहत बसली असेल तर तिच्यापुढे दोरीला बांधलेली कागदाची गोळी ओढावी आणि ती तिला पकडू द्यावी. सातवीची वही वाचनालयात ठेवली आहे. आपल्या घरच्या मांजरीबद्दल कोणी अशी नोंद केली असेल, विशेषतः कोणत्या भक्ष्यासमोर कोणता आवाज आला याची, तर तीही आणून द्यावी. आम्ही ती त्या वहीला जोडू.